पाकीट का गळतं

सॉसच्या कारखान्याच्या मालकाने ताईंचं माहितीपत्रक दोनदा वाचलं. गुळगुळीत कागद, वर नाव, खाली अकरा सेवा. अन्नसुरक्षा, प्रमाणपत्रं, कामगारांचं प्रशिक्षण, कच्च्या मालाची तपासणी, स्वच्छता, प्रयोगशाळा उभारणी, आणि असंच खाली खाली.

"बाई," तो म्हणाला, "यात तुम्ही काय करत नाही?"

ताई हसल्या. तो हसला नाही. त्याला खरंच विचारायचं होतं.

मग त्याने चहा मागवला, बिस्किटं मागवली, लिफ्टपर्यंत सोडायला आला. "गरज लागली की कळवतो," म्हणाला. बावीस वर्षं ताईंनी हेच वाक्य माल विकायला येणाऱ्यांना ऐकवलं होतं. त्याचा अर्थ त्यांना पाठ होता.

घरी नवऱ्याने दार उघडलं.

"काय झालं?"

"चहा चांगला होता," ताई म्हणाल्या, आणि चपला कोपऱ्यात भिरकावल्या.

ताई बिस्किटांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागाच्या प्रमुख होत्या. बावीस वर्षं एकच धंदा, एकच गेट. गेल्या वर्षी कारखाना दुसऱ्या शहरात हलला. ताई हलल्या नाहीत. आता स्वतंत्र सल्लागार व्हायचं, असं त्यांनी जाहीर केलं. सगळ्यांनी पाठ थोपटली. त्याला पाच महिने झाले होते. सहावी भेट आजची, सॉसवाल्याची. सहाही ठिकाणी चहा चांगलाच होता.

आणि टेबलावर एक पत्र पडलं होतं. गोळ्या-चॉकलेटच्या एका मोठ्या कारखान्याचं. पद तेच, खुर्ची तीच. सोमवारी दुपारी बारापर्यंत होकार किंवा नकार कळवायचा. पुन्हा सकाळी सातची बस, पुन्हा साहेबांची बैठक, तेही वयाच्या साठीपर्यंत. ताईंना ती नोकरी नको होती. पण नको म्हणायला हातात काहीतरी असावं लागतं. त्यांच्या हातात अकरा सेवांचा कागद होता.

"तुझ्या त्या यादीची गंमत सांगू?" नवरा म्हणाला. तो कॉलेजात ग्रंथपाल होता. सव्वीस वर्षं पुस्तकांत राहून त्याचा आवाजही ग्रंथालयातल्यासारखा दबका झाला होता. "ती यादी तुझी नाही. कुठल्याही गुणवत्तावाल्याची आहे."

"मला येतं ते सगळं!"

"येतं गं. माझ्याकडेही सगळ्या विषयांची पुस्तकं आहेत. पण लोक त्यातली ठरावीकच मागायला येतात."

ताईंना राग आला. राग आला की त्यांना काम सुचतं. त्यांनी त्याच्या बॅगेतून कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. जुन्या डायऱ्या असत्या तर सोपं झालं असतं. पण त्या कारखान्याच्या होत्या. शेवटच्या दिवशी ताईंनी त्या मोजून परत केल्या होत्या. कारखान्याची कृती, आकडे, कागद कारखान्याचे. डोक्यात जे शिकून ठेवलं ते आपलं. एवढा हिशोब त्यांच्या मनात साफ होता.

म्हणून आठवणीतून लिहायला बसल्या. एका चिठ्ठीवर एक प्रसंग. काय बिघडलं, मी काय केलं, पुढे काय झालं. बस. दोन संध्याकाळी गेल्या. बुधवारी चिठ्ठ्या संपल्या तेव्हा जेवणाचं टेबल दिसेनासं झालं होतं. एकशे चौदा प्रसंग.

मग ढीग पाडले. सगळ्यात उंच ढीग तपासण्या आणि प्रमाणपत्रांचा, एकेचाळीस. त्यानंतर प्रशिक्षण, तेवीस. कच्चा माल एकोणीस. स्वच्छता चौदा. आणि टेबलाच्या कडेला उरलेल्या सतरा. त्या ढिगाला नाव द्यायचाही ताईंना कंटाळा आला. 'पाकीट गळतं' एवढं लिहून त्यांनी तो बाजूला सरकवला.

"झालं," त्या म्हणाल्या. "प्रमाणपत्रं. तेच माझं क्षेत्र. एकेचाळीस!"

ग्रंथपालांनी चष्मा पुसला. "पुस्तक कशाबद्दल आहे हे झालं. आता ते कोण मागायला आलं, ते मागच्या बाजूला लिही. आणि कसं आलं तेही."

"म्हणजे?"

"चालत आलं, धावत आलं, की वरून हुकूम आला म्हणून आलं."

ताईंनी लाल पेन्सिल घेतली. पहिला ढीग पाठीमागून भरायला लागल्या. हुकूम. हुकूम. कॅलेंडरवर तारीख होती म्हणून. हुकूम. एकेचाळीस चिठ्ठ्यांत धावत आलेलं माणूस दोनदा भेटलं. शिवाय प्रमाणपत्रं करून देणाऱ्यांची शहरात रांग होती. त्यांतल्या चौघांना ताई स्वतःच ओळखत होत्या. चौघंही चांगले होते.

प्रशिक्षण, स्वच्छता: चालत. कच्चा माल: चालत, कधीकधी रांगत.

मग त्यांनी कडेचा ढीग ओढला. पहिली चिठ्ठी. पाठीमागे लिहिलं: भाचीच्या लग्नात फोन, जेवणाच्या पंगतीतून उठवलं. दुसरी: रात्रपाळीचा माणूस घरी आला. तिसरी: दुसऱ्या शहरातल्या शाखेने गाडी पाठवली. पाचवी: पाकिटांची प्लास्टिक फिल्म पुरवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरने गुपचूप विचारलं. नववी: समोरच्या कारखान्याचा, म्हणजे चक्क शत्रुपक्षाचा फोरमन, 'माझं नाव सांगू नका' म्हणाला. पेन्सिल भराभर पळायला लागली. जागा पुरेना. कडेकडेने लिहावं लागलं.

सतराच्या सतरा धावत आलेले.

ताईंनी पेन्सिल खाली ठेवली. टेबलावर आनंदाने थाप मारली. आणि त्याच वेळी तोंड वाकडं झालं.

"अहो, पण हे केवढंसं काम आहे! बावीस वर्षं प्रमुख होते मी. आता लोकांना काय सांगू? मी पाकिटं चिकटवते?"

"दाताच्या डॉक्टरला कधी लाज वाटलेली पाहिलीस, की मी फक्त दात बघतो?"

"दात दुखतात."

"आणि पाकिटं?"

पाकीट गळलं की बिस्कीट मऊ पडतं. मऊ बिस्कीट दुकानदार परत पाठवतो. एक खोकं परत आलं की दुकानदार पुढची दहा खोकी घेताना कुरकुरतो. मालकाची झोप उडते. दुखतं. चांगलंच दुखतं.

"पण या चिठ्ठ्या आमच्याच कारखान्याच्या," त्या म्हणाल्या. आता त्या स्वतःशीच भांडत होत्या. "आमचीच मशीनं गचाळ असली तर? बाहेर कोणाला हा त्रास नसलाच तर?"

"ते मला नाही सांगता येणार," ग्रंथपाल म्हणाले. "माझं काम इथे संपलं. मी भात लावतो."

गुरुवारी सकाळी ताईंनी सात जणांना फोन केले. सगळे जुने सोबती, आता वेगवेगळ्या कारखान्यांत. एक नियम त्यांनी कागदावर लिहून समोर ठेवला: विकायचं नाही. 'तुम्हाला असं कोणी हवं आहे का?' असं विचारलं की माणूस भिडेखातर हो म्हणतो आणि फोन ठेवला की विसरतो. म्हणून फक्त घडलेलं विचारायचं. गेल्या सहा महिन्यांत कशाने सगळ्यात जास्त डोकं खाल्लं? तेव्हा कोणाला बोलावलं? मग सुटलं का?

पहिली, मसाल्याच्या कारखान्यातली खरेदी बघणारी बाई म्हणाली, "पाकिटं. अगं, कोपऱ्यातून पावडर गळते. अजून गळते आहे."

दुसरा म्हणाला, पाकिटं. तिसऱ्याने उंदीर सांगितले. चौथा, पाकिटं. ताई उभ्या राहिल्या. पाचवा, पाकिटं, आणि त्याने शिव्याही दिल्या. सहाव्याचा सगळ्यात मोठा प्रश्न त्याचा साहेब होता. त्यावर ताईंकडे इलाज नव्हता.

पण खरी गोष्ट दुसऱ्या प्रश्नात निघाली. कोणाला बोलावलं? चौघांचं उत्तर सारखं. मशीनवाल्याला बोलावलं, तो म्हणाला फिल्म खराब आहे. फिल्मवाल्याला बोलावलं, तो म्हणाला मशीन खराब आहे. दोघंही आपापल्या परीने खरं बोलून निघून गेले. मध्ये कोणीच उभं नव्हतं.

त्या मधल्या जागेत ताई बावीस वर्षं उभ्या होत्या. चार प्रकारची मशीनं त्यांनी पाहिली होती, आठ-दहा कंपन्यांच्या फिल्म. दोघांची भाषा त्यांना येत होती. आणि त्या स्वतः दोघांपैकी कोणाचाच माल विकत नव्हत्या.

सातवा फोन फोरमनला. हा त्यांच्याच कारखान्यातला, आता एका टोस्टच्या कारखान्यात. तोंडाचा फटकळ, हाताचा सोन्याचा.

"ताई, तुम्ही फोन केला नसता तर मीच करणार होतो," तो म्हणाला. "लाज वाटत होती म्हणून थांबलो."

"कसली लाज?"

"तीन आठवडे झाले. टोस्ट मऊ पडून परत येतात. मालकीणबाई माझ्याकडे अशा बघतात, जसा मीच एकेकाला पाण्यात बुडवून पाठवतो."

"पाकीट चिकटवायचं तापमान किती वाढवलंस?"

फोरमन खोकला.

"अरे, किती?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"सगळे तेच करतात."

"दहा. मग दहा. मग अजून दहा," फोरमन पुटपुटला. "उद्या येता का? मालकीणबाईंशी मी बोलतो. फुकट नाही हं. नाहीतर मला तुमचीही लाज वाटेल."

संध्याकाळी ग्रंथपालांनी कॉलेजातून उद्योगांची सूची आणली. दोघांनी बोट ठेवून मोजलं. दोन तासांच्या अंतरात, पाकिटबंद सुकं खाणं बनवणारे त्रेसष्ट कारखाने. ताईंनी पुन्हा मोजलं. त्रेसष्टच.

"एवढ्यांच्या पाकिटांवर एक माणूस जगेल," ग्रंथपाल म्हणाले.

"उद्या मला कारण सापडलं तर," ताई म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी आठला त्या टोस्टच्या कारखान्यात पोचल्या. भट्टीची ऊब, भाजलेल्या पावाचा वास, पायाखाली चुरा. पाच महिन्यांनी डोक्यावर जाळीची टोपी चढवली तेव्हा त्यांना घरी आल्यासारखं वाटलं. मालकीणबाई तिशीच्या, वडिलांनंतर कारखाना सांभाळणाऱ्या. त्यांनी हात जोडले, पण घड्याळाकडे बघत.

"मशीनवाले म्हणतात फिल्म," त्या म्हणाल्या. "फिल्मवाल्यांनी नवा रोल दिला, तरी तेच. तुम्ही कोणाच्या बाजूच्या?"

"पाकिटाच्या," ताई म्हणाल्या.

फोरमनने तपासणीचा कागद पुढे केला. दर तासाला एक पाकीट उचलून हाताने दाबून बघितलेलं. सगळी ठीक. हाताला बारीक गळती कळत नाही. आणि तासाला एक पाकीट म्हणजे गोष्टीतलं एकेक पान फाडून वाचण्यासारखं.

"मला सलग साठ पाकिटं दे," ताई म्हणाल्या. "मशीनमधून पडतील त्या क्रमाने. एकही मागेपुढे नको. प्रत्येकावर आकडा टाक, आणि पुढचं तोंड कुठलं, त्यावर बाण."

"साठ?"

"साठ. मशीन थांबवू नकोस."

पाण्याने भरलेला पारदर्शक डबा आला. पाकीट पाण्याखाली दाबून धरायचं, झाकण लावायचं, पंपाने आतली हवा ओढायची. गळकं पाकीट असेल तर बुडबुड्यांची बारीक माळ निघते आणि कुठून निघते तेही दिसतं.

पहिलं ठीक. दुसरं गळकं, शेपटीकडून, म्हणजे मागच्या टोकाकडून. तिसरं गळकं, तोंडाकडून. चौथं ठीक. पाचवं, शेपूट. सहावं, तोंड.

सातवं बुडवण्याआधीच ताई म्हणाल्या, "हे ठीक निघेल."

निघालं.

"आठवं शेपटीकडून गळेल. नववं तोंडाकडून."

फोरमनने आठवं बुडवलं. शेपटीकडून बुडबुडे. नववं. तोंडाकडून. त्याने ताईंकडे बघितलं आणि मग मालकीणबाईंकडे, 'बघा, मी सांगत नव्हतो का' अशा चेहऱ्याने. घड्याळाकडे आता कोणी बघत नव्हतं.

मशीनमध्ये वर-खाली दोन दांडे फिरतात. प्रत्येकावर तीन गरम दातेरी पट्ट्या. कारखान्यात त्यांना जॉ म्हणतात. वरचा आणि खालचा जॉ भेटले की मधली फिल्म चिकटते आणि कापली जाते. एकाच दाबात पुढच्या पाकिटाची शेपूट आणि मागच्या पाकिटाचं तोंड बंद होतं. म्हणून एक वाईट दाब दोन पाकिटं बिघडवतो. दर तिसरा दाब वाईट. तीन जोड्यांतली एकच जोडी आजारी.

"मशीन बंद कर. वीज तोड," ताई म्हणाल्या. "आता वरच्या दांड्यावरच्या एकेका जॉचं तापमान मोजू."

एक जॉ एकशे ऐंशी. दुसरा एकशे ऐंशी. तिसरा एकशे तीस.

"पण मशीनच्या पडद्यावर तर एकशे ऐंशी दाखवत होतं!" फोरमन ओरडला.

"पडद्याला एकाच जॉचं कळतं. तो चांगला आहे, म्हणून पडदा खुशीत आहे. तिसऱ्याची आतली कांडी मेलीय. शेजाऱ्यांच्या उबेवर जगतोय तो. तू तापमान वाढवलंस, त्याला थोडंच मिळालं आणि शेजारी भाजून निघाले. ही बघ, फिल्म आक्रसलीय इथे."

कांडी म्हणजे बोटाएवढा हीटर. गोदामात होता. अकराच्या सुमाराला बसला. तापमान मूळच्या जागी, तीस अंश खाली आणलं. पुन्हा सलग साठ.

त्यात दोन गळाली. मालकीणबाईंचा चेहरा उतरला. ताईंनी दोन्ही पाकिटं फाडली आणि चिकटलेल्या पट्टीत अडकलेला टोस्टचा कण नखाने दाखवला. "हा वेगळा आजार. चुरा उडतो. जॉच्या आधी हवा ओढणारी नळी बसवा, मग परत मोजू. मी येते पुढच्या आठवड्यात." अठ्ठावन्न ठीक होती. फोरमनने मधलं एक पाकीट फोडलं आणि टोस्ट कडाकडा चावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

मालकीणबाईंनी ताईंना ऑफिसात नेलं. आता खरी परीक्षा होती, पण ताईंना ते बसल्यावर कळलं.

"तुम्ही आधी का नाही भेटलात?" मालकीणबाई म्हणाल्या. "हे बघा, आमचं प्रमाणपत्र दोन वर्षं रखडलंय. कामावरच्या मुलींना प्रशिक्षण द्यायचंय. प्रयोगशाळा करायचीय. तुम्हाला तर सगळं येतं. सगळंच घ्या ना हातात. महिन्याचे आठ दिवस, वर्षभर."

हो ताईंच्या जिभेच्या टोकावर आला. आठ दिवस! वर्षभर! पाच महिने ज्याची वाट बघितली ते ताटात वाढून समोर आलं होतं. आणि येतही होतं त्यांना, झोपेतसुद्धा. सोमवारचं पत्र आत्ताच फाडता आलं असतं.

पण महिन्याचे आठ दिवस इथे प्रमाणपत्राच्या फायली भरल्या, तर मसाल्याच्या कारखान्यात कोण जाणार? त्रेसष्टांना कोण सांगणार? दोन वर्षांनी त्या पुन्हा एका कारखान्याच्या सगळं करणाऱ्या बाई झाल्या असत्या, फक्त गेटवर हजेरी न लावणाऱ्या.

"ते मी करत नाही," ताई म्हणाल्या.

स्वतःचा आवाज ऐकून त्या दचकल्या.

"करत नाही?"

"करत होते. आता फक्त पाकिटं. प्रमाणपत्राला माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. माझ्यापेक्षा चांगला आहे, त्याचा नंबर देते."

आता मालकीणबाई उठतील आणि लिफ्टपर्यंत सोडतील, असं ताईंना वाटलं. पण त्यांनी वही ओढली.

"फक्त पाकिटं," त्या म्हणाल्या. "म्हणजे नवी फिल्म घ्यायच्या आधी तुम्हाला विचारता येईल? पुढच्या महिन्यात बदलायचीय. स्वस्त पडते म्हणून. आणि दुसरं मशीन आहे माझ्याकडे, ते कुणी बघितलंच नाही."

"येईल की," ताई म्हणाल्या. "फिल्म बदलायच्या आधी विचारलंत तर निम्मं दुखणं तिथेच वाचतं."

"आणि माझा चुलतभाऊ वेफर करतो. त्याची पाकिटं…" मालकीणबाई हसायला लागल्या. "त्याची तर बघूच नका. म्हणजे बघा."

बाहेर फोरमन गेटपाशी थांबला होता.

"घेतलं ना सगळं काम?"

"नाही."

"ताई! वेड लागलंय का?"

"लागलंय," ताई म्हणाल्या, आणि रिक्षात बसल्या. घरी पोचेपर्यंत मसालेवाल्या बाईला फोन करून बुधवार ठरवला होता. जिना त्या दोनदोन पायऱ्यांनी चढल्या. गुडघे नंतर बोलले.

शनिवार-रविवार त्यांनी सतरा चिठ्ठ्या पुन्हा लिहून काढल्या. कारखान्याचं नाव, आकडे वगळून. फक्त खूण आणि कारण. दर तिसरा दाब वाईट तर काय बघायचं. रोल बदलल्यावर गळलं तर काय. वेग वाढवला पण दाबाला वेळ कमी पडला तर काय. मधूनच अठरावा प्रसंग आठवला, मग एकोणिसावा. ग्रंथपाल दोनदा जेवायला बोलावून गेले.

सोमवारी सकाळी सव्वाअकराला त्यांनी गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्याला फोन लावला. नोकरभरती बघणारे गृहस्थ, आवाज लोण्यासारखा.

"बोला ताई. होकारच समजू ना?"

"नाही. मनापासून आभार, पण मी येणार नाही."

"अरेरे. दुसरीकडे कुठे?"

"कुठेच नाही. स्वतःचं काम करते."

"काय करता?"

"सुक्या खाण्याची पाकिटं का गळतात ते शोधून थांबवते."

एवढंच. ताईंना पुढे काही म्हणावंसं वाटलं नाही. पलीकडूनही आवाज येईना. फोन कटला की काय, म्हणून त्या कानापासून दूर नेऊन बघत होत्या, तेवढ्यात लोणी एकदम वितळलं.

"ताई," ते गृहस्थ हळू आवाजात म्हणाले, "एक मिनिट थांबा हं. मी जरा दार लावून येतो."